आर्ग्युमेंटचा ताळा वर्गाने नको, घनाने घ्या

«सोलापुरातल्या आमच्या अकरावीच्या क्लासच्या शीटमध्ये −1 − √3i चं आर्ग्युमेंट −120° दिलंय. मला 60° आलं, वर्ग करून ताळाही जुळला.»

वर्गाचा ताळा इथे हमखास फसवतो. tan⁻¹ ला फक्त y/x कळतं. भागाकारात दोन्ही उणे चिन्हं गेली आणि तिसऱ्या चरणातल्या बिंदूचा कोन पहिल्या चरणात आला. tan⁻¹ मुळे होणारी ही चूक नेमकी 180° ची असते, वर्गात तिचे 360° होतात, म्हणून ती दिसत नाही. घन करा: 60° धरून −8 येईल, थेट गुणाकाराने 8. त्याहून झटपट म्हणजे 2(cos 60° + i sin 60°) उलगडा. 1 + √3i येतं, दोन्ही चिन्हं उलटी. म्हणून 180° वजा करा: −120°. x = 0 असेल तिथे मात्र tan⁻¹ नकोच, आकृतीवरूनच कोन वाचा.