मदत हवी आहे : 'पाणी गेलं' म्हणून वॉरंटी नाकारली, पत्रात काय लिहू?

बाबांचा फोन सात महिन्यांतच चार्ज होईना. दर्यापूरहून अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरला नेला, तर पाणी गेलं म्हणून वॉरंटी नाकारली. बाबा फोन वावरात नेतात खरा, पण पन्नीत गुंडाळून! सिमच्या खाचेतली ओलावा दाखवणारी पट्टी अजून पांढरीच आहे. पाणी लागलं असतं तर लाल झाली असती. तिचा फोटो मी तिथंच काढला. जॉबशीटवर नुसतं 'लिक्विड डॅमेज' खरडलंय, गंज कुठं दिसला ते नाही.

पत्रात तपासणीचा लेखी अहवाल आणि चार्जिंग पोर्टचे फोटो मागतोय, 15 दिवसांची मुदत देऊन. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पण पट्टी पोर्टपासून दूर आहे, 'पाणी पोर्टातच गेलं' म्हणाले तर काय उत्तर लिहू? कोणी असं पत्र दिलंय का?