परताव्याची मुदत कुठून मोजायची?

“‘भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ एवढे एकच वाक्य माझ्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या अटींत घातले तर चालेल का?”

ते वाक्य तुमच्या फारसे कामी येणार नाही; 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष सेवेचे पैसे बिलातल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर 30 दिवसांत, परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मन बदललेल्या ग्राहकासाठी मात्र मर्यादा घालता येते: ‘अभ्यासक्रम खुला झाल्यापासून 7 दिवसांत, 12 पैकी 2 पेक्षा जास्त धडे उघडले नसल्यास, पूर्ण शुल्क परत.’ मुदत पैसे भरल्यापासून मोजू नका. कुणी 1 तारखेला शुल्क भरले आणि तुकडी 10 तारखेला सुरू झाली, तर पहिला धडा दिसण्याआधीच त्याचे सात दिवस संपलेले असतात, आणि भांडण (माझ्या अनुभवात तरी) नेमके तिथेच पेटते.