सर्पदंशाची मार्गदर्शिका एका पानात बसवताना अडलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ग्रामीण रुग्णालयातल्या इंटर्नसाठी सर्पदंश उपचारांचा एकपानी तक्ता करतोय. रात्री दोनला जाडजूड मार्गदर्शिका कोण चाळणार?

पहिल्या मसुद्यात सुरुवातीचाच प्रश्न होता: वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठतं का? नाही, तर प्रतिविषाच्या दहा कुप्या. हो, तर निरीक्षण. सुटसुटीत वाटलं. मग एका इंटर्नला जुनी केस दिली: जमिनीवर झोपलेला शेतमजूर, पहाटे पोटदुखी, उलट्या, दंशाची खूण नाही, पापण्या जड. तिने बाणामागून बोट नेलं आणि थेट 'निरीक्षण'वर थांबली! मण्यारीच्या विषात रक्त गोठतंच, घात श्वासाचा होतो. आता पहिला चौकोन पापण्या, गिळणं आणि श्वासाचा, रक्त त्यानंतर.

चाचणीच्या चौकोनात 'कोरडी, स्वच्छ काचेची नळी' एवढं ठेवलंच. साबणाने धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत गोठणारं रक्तही पातळ राहतं आणि प्रतिविष उगाच दिलं जातं.

अडलंय ते पुढे. रक्त गोठत नव्हतं म्हणून प्रतिविष दिलं, की सहा तासांनी पुन्हा चाचणी. हा मागे वळणारा बाण इंटर्न विसरतात, कारण तोवर पाळी बदललेली असते. तिथे वेळ लिहायला रिकामी जागा ठेवावी का? आणि प्रतिविषाची रिअॅक्शन आल्यास अॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम स्नायूत (प्रौढांसाठी), हे त्याच पानावर ठेवू की मागे? मागचं पान कुणी उलटत नाही, असा माझा अनुभव. तुमच्याकडे कसं केलंय?