शब्दचर्चा: ‘टच बेस’, ‘बॉलपार्क फिगर’, ‘मूव्ह द गोलपोस्ट्स’ यांच्या जागी सरळ काय लिहावं?

रबाळेकर
रबाळ्याच्या एमआयडीसीत पाऊच भरायची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत एक्सपोर्टचं काम बघते. आमचा अमेरिकेतला विक्री प्रतिनिधी मेल लिहितो आणि तो मी जरा सोपा करून पोलंड आणि व्हिएतनामच्या गिऱ्हाइकांना पाठवते. या दोघांचं इंग्रजी आपल्यासारखंच, शाळेत आणि कामावर शिकलेलं आहे. आता समोर असलेल्या मेलमध्ये ही तीन वाक्यं आहेत: ‘आय विल टच बेस नेक्स्ट वीक. द बॉलपार्क फिगर इज सिक्स्टी थाउजंड युरोज. आफ्टर दॅट, लेट्स नॉट मूव्ह द गोलपोस्ट्स.’

मागच्या खेपेला घाईत असलाच मेल मी तसाच पुढे ढकलला होता. व्हिएतनामहून उत्तर आलं की आम्ही कुठल्या बेसवर यायचं आहे. पोलंडच्या माणसाने काहीच विचारलं नाही, आणि तेच महागात पडलं. त्याला शब्दकोशात ‘बॉलपार्क’ म्हणजे बेसबॉलचं मैदान एवढंच सापडलं. ते त्याने सोडून दिलं, ६० हजार हा आकडा तेवढा उचलला आणि बजेटमध्ये टाकला. आमचं कोटेशन ७४ हजारांचं निघालं. दिलेला भाव मागे का घेता, असं त्याने आमच्या डायरेक्टरांना लिहिलं.

यावेळी मी असं केलंय: ‘आय विल रिव्हर्ट नेक्स्ट वीक’, ‘अबाउट सिक्स्टी थाउजंड युरोज’ आणि ‘प्लीज डोन्ट चेंज द गोल’. हे पुरेसं आहे का?

निवृत्त मास्तर, नौपाडा
मराठीत या तिन्हींना उत्तम प्रतिशब्द आहेत. टच बेसला ‘गाठ घेणं’ किंवा ‘कानावर घालणं’. बॉलपार्क म्हणजे ‘ठोकताळा’. गोलपोस्ट हलवण्याला मी ‘अर्ध्या डावात नियम बदलणं’ म्हणेन. कबड्डी खेळलेल्या कोणालाही ते पटेल.

रबाळेकर
मास्तर, शब्द आवडले, पण माझा वाचक पोलंडमध्ये आहे. इंग्रजीतून इंग्रजीतच पण सरळ लिहायचं आहे.

निवृत्त मास्तर, नौपाडा
माझं वाचण्यात चुकलं. तरी एक गोष्ट सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. आपल्या महसूल खात्यात पिकाची पैसेवारी आधी ‘नजर अंदाज’, मग ‘सुधारित’ आणि शेवटी ‘अंतिम’ अशी जाहीर होते. आकडा एकाच गावाचा असतो, पण तो कुठल्या पायरीवरचा आहे हे नावातच कळतं. नजर अंदाज पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली म्हणून लगेच दुष्काळ लागला असं गावात कोणी धरत नाही, अंतिमची वाट बघतात. तुमच्या ६० हजारांना असं पायरीचं नाव नव्हतं.

शेवटचा खर्डा
मास्तरांनी नेमकं बोट ठेवलं. मी ऐरोलीत विमान दुरुस्तीची मॅन्युअल्स लिहितो. बारा वर्षं याच गोष्टीशी झगडतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रबाळेकरताई, तुम्ही वाक्प्रचार काढून त्या जागी एक-एक शब्द बसवलात. पण हे वाक्प्रचार एकाच अर्थाचे नसतातच. ‘टच बेस’मध्ये कोण कोणाला गाठणार, फोन की मेल, कधी आणि कशासाठी, यातलं काहीही नाही. लिहिणाऱ्याने ते ठरवलेलंच नसतं, आणि तो शब्द त्याला न ठरवता सुटू देतो. त्यामुळे सरळ लिहायचं तर आधी त्या प्रतिनिधीलाच विचारावं लागतं, की बाबा, तू नक्की काय करणार आहेस?

आता तुमचा ‘रिव्हर्ट’. अमेरिकन शब्द काढलात आणि आपला घातलात. ‘उत्तर देईन’ या अर्थाने रिव्हर्ट आपल्याकडे सर्रास चालतो, पण पोलंडमधल्या माणसाच्या शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ ‘पूर्वीच्या स्थितीला परत जाणं’ असा निघेल. भावाची बोलणी चालू असताना तो याचा अर्थ काय घेईल बघा, जुन्या भावावर परत येणार असंही वाटू शकतं. ‘रिप्लाय’ लिहा.

कोपरखैरणे प्रोजेक्टवाला
बॉलपार्कचं एवढं अवघड नाही हो. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये त्याची व्याख्या आहे, उणे २५ ते अधिक ७५ टक्के. पीएमपीच्या अभ्यासात आम्हाला हेच होतं. म्हणजे ६० हजारांवरून ७४ हजार झाले तर ते हद्दीतच आहे. गिऱ्हाइकाची तक्रारच चुकीची.

शेवटचा खर्डा
दादा, तो पल्ला ‘रफ ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड’ या अंदाजाचा आहे आणि तो खरा आहे. पण ‘बॉलपार्क’ला कुठलाही पल्ला जोडलेला नाही. रोजच्या बोलण्यात दोन्ही एकाच अर्थाने वापरतात, म्हणून गल्लत होते. शिवाय तुमचा पल्ला लावून बघा: ६० हजारांचे ४५ हजार ते १ लाख ५ हजार होतात. मेलमधला आकडा वाचताना गिऱ्हाइकाच्या मनात हा पल्ला होता का? लिहिणाऱ्याच्या तरी होता का? परीक्षेतली व्याख्या वाचकाला माहीत नसेल, तर त्याची तक्रार चुकीची कशी ठरेल?

पाचपाखाडी
आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये अगदी हेच झालं. बिल्डरच्या माणसाने मीटिंगमध्ये कॉर्पसचा ‘बॉलपार्क’ आकडा सांगितला आणि आमच्या सेक्रेटरींनी मिनिट्समध्ये नुसता आकडा लिहिला. आता निम्मे सभासद म्हणतात कबूल केलं होतं, निम्मे म्हणतात नव्हतं केलं. आम्ही सगळे मराठी, कोणीही परदेशी नाही. बिल्डरकडून आता लेखी मागून काही उपयोग होईल का?

शेवटचा खर्डा
त्याला वकीलच लागेल, ताई. पण तुमच्या मिनिट्समध्ये आणि पोलंडच्या बजेटमध्ये झालं ते एकच. विशेषण गळलं आणि आकडा उरला. आकड्याला चिकटलेला शब्द कळला नाही तर माणूस तो शब्द टाकतो, आकडा टाकत नाही. म्हणूनच नुसतं ‘अबाउट’ घातल्याने भागणार नाही. अंदाजाची मर्यादाही आकड्यातच सांगायला हवी.

आमच्याकडे विमानाच्या कामाला ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाचं बांधून दिलेलं इंग्रजी आहे, एएसडी-एसटीई १०० म्हणतात त्याला. त्यात एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ ठेवलाय. ‘अबाउट’ फक्त ‘अमुकविषयी’ या अर्थाने चालतो, ‘सुमारे’साठी ‘अप्रॉक्सिमेटली’ लिहायचं. ‘फॉलो’चा अर्थ फक्त ‘मागून येणं’, म्हणून सूचना पाळा म्हणताना ‘ओबे’ लिहावं लागतं. सुरुवातीला मला ते फार रुक्ष वाटायचं. तुमच्या मेलला हा नियम लागू नाही, ‘अबाउट’ राहिला तरी चालेल. पल्ला मात्र हवाच.

रबाळेकर
काल प्रतिनिधीला फोन करून विचारलं. भाव कन्व्हेयरच्या लांबीवर अवलंबून आहे आणि ती लांबी गिऱ्हाइकाच्या शेडचा नकाशा आल्याशिवाय कळत नाही. किमान ५५ हजार, फार तर ८० हजार, असं तो म्हणाला. मग बॉलपार्कच्या जागी इंग्रजीत लिहिलं त्याचा मजकूर असा: ‘आमचा पहिला अंदाज ६०,००० युरो आहे. अंतिम किंमत ५५,००० ते ८०,००० युरोंच्या दरम्यान असू शकते. कन्व्हेयरच्या लांबीप्रमाणे ती बदलेल. हे कोटेशन नाही. तुमच्या शेडचा नकाशा मिळाल्यावर ७ दिवसांत कोटेशन पाठवू.’

आणि टच बेसच्या जागी: ‘१२ जूनला पोलंडच्या वेळेनुसार सकाळी १० वाजता मी तुम्हाला फोन करेन. नकाशाबद्दल तीन प्रश्न विचारायचे आहेत.’ तिथे उन्हाळ्यात १० म्हणजे आपले दुपारचे दीड. तारीख आणि वेळ लिहायची म्हटल्यावर प्रतिनिधीला त्याचं कॅलेंडर उघडावं लागलं.

एक वाक्प्रचार गेला आणि पाच वाक्यं आली. मेल लांब झाला, त्याचं काय?

कोपरखैरणे प्रोजेक्टवाला
पल्ल्याचं मान्य, ८० हजार लिहून टाकलं तर भांडणच संपलं. पण एवढा लांब मेल माझे साहेब वाचणार नाहीत. ‘कॉन्टॅक्ट यू’ लिहून सोडलं असतं तर?

शेवटचा खर्डा
वेळ ठरलेली नसेल तर ‘कॉन्टॅक्ट’ चालेल, तो शब्द सरळ आहे. ठरलेली असेल तर लिहिलेली बरी.

निवृत्त मास्तर, नौपाडा
तिसऱ्याचं काय? मला तोच सगळ्यात कठीण वाटतो, कारण त्यात आरोप आहे. गोलपोस्ट आपोआप हलत नाहीत, कोणीतरी हलवतं आणि मुद्दाम हलवतं. ‘डोन्ट चेंज द गोल’ म्हटलं की अर्थच फिरतो. गोल म्हणजे ध्येय, आणि ध्येय बदललं तर त्यात लबाडी कुठे आहे?

शेवटचा खर्डा
बरोबर. इथे बदलतं ते ध्येय नसून यशाचा निकष. ताई, तुमच्याकडे हा निकष कुठे ठरतो?

रबाळेकर
फॅक्टरीतल्या स्वीकृती चाचणीत. मशिन पाठवण्याआधी गिऱ्हाईक येतं, आम्ही त्याच्यासमोर ते चालवून दाखवतो. गेल्या वेळी मिनिटाला ४० पाऊच ठरले होते. चाचणीत ४१ निघाले, तेव्हा म्हणाले ४५ हवेत. प्रतिनिधीचा राग तिथून आलाय.

शेवटचा खर्डा
मग त्या एका वाक्यात दोन वेगळी वाक्यं दडली आहेत. पुढच्यासाठी लिहायचं तर अट लिहा: ‘दोघांच्या सह्या झाल्यावर चाचणीचा निकष बदलला, तर किंमत आणि पोचवण्याची तारीखही बदलेल.’ मागची तक्रार करायची तर घडलं ते लिहा: ‘४ मार्चच्या पत्रात मिनिटाला ४० पाऊच ठरले होते. २० एप्रिलला तुम्ही ४५ मागितले.’ विशेषण एकही नको.

निवृत्त मास्तर, नौपाडा
इथे माझा विरोध नोंदवतो. दोन तारखा शेजारी ठेवल्या की आरोप कळतो हे खरं, पण लिहिणाऱ्याला आलेला राग त्यातून पुसला जातो. तो रागही सत्यच आहे की. परदेशी वाचकाला समजावं म्हणून माणसाने स्वतःचा स्वर का सोडावा?

शेवटचा खर्डा
मास्तर, राग सांगायचा असेल तर ‘आम्हाला हे अन्यायाचं वाटलं’ असं सरळ लिहिता येतं. मैदानाची गरज नाही.

निवृत्त मास्तर, नौपाडा
ते रागाविषयी सांगणं झालं. राग नव्हे. मला पटलेलं नाही.

पाचपाखाडी
मग असे सगळेच शब्द शोधून काढायचे का? ‘डेडलाइन’सुद्धा मूळची मरणाचीच रेषा ना?

शेवटचा खर्डा
नाही, तसं केलं तर लिहिणंच थांबेल. मी एक साधी कसोटी लावतो. वाचक एकेक शब्द आपल्या शब्दकोशात बघेल असं धरायचं. ‘डेडलाइन’ बघितला की ‘मुदत’ मिळते, म्हणून तो ठेवायचा. ‘टच’ आणि ‘बेस’ वेगवेगळे बघून ‘संपर्क साधणं’ हाती लागत नाही, म्हणून तो जायला हवा. काही चांगल्या शब्दकोशांत ‘टच बेस’ची वेगळी नोंद सापडते, पण हे दोन शब्द जोडून बघायचे आहेत हे वाचकाला आधी कळायला हवं. ही कसोटी ‘रिव्हर्ट’ला मात्र पुरत नाही. तिथे अर्थ मिळतो आणि तो चुकीचा असतो. असे शब्द दुसऱ्याने वाचून दाखवल्याशिवाय आपल्या लक्षात येत नाहीत.

रबाळेकर
मेल गेला. पोलंडहून आज शेडचा नकाशा आला, सोबत एकच प्रश्न: ८० हजारांच्या वर जाणार नाही हे लेखी द्याल का? प्रतिनिधी म्हणतो देऊ नका. व्हिएतनामचा फोन परवा आहे, आणि फोनवर तो स्वतःच बोलणार. त्याच्या तोंडून निघालेला वाक्प्रचार मी मध्येच थांबवून सरळ करून सांगावा का, कोणाला अनुभव आहे?