मदत हवी आहे : ॲडिसन्स आणि घरी ठेवायचं इंजेक्शन

माझ्या बहिणीला (वय ३४) ॲडिसन्स डिसीज, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे हार्मोन पुरेसं न बनण्याचा आजार, असल्याचं नुकतंच कळलंय. कित्येक महिने थकवा, उठलं की चक्कर, लोणच्याचा खार चाटावासा वाटणं असं चाललं होतं. रंग काळवंडला तो उन्हाने, असं सगळे म्हणत होते. पण तळहाताच्या रेषा आणि हिरड्यासुद्धा काळ्या पडल्या होत्या, तिथे कुठलं ऊन लागतंय!

उलट्या होऊन ॲडमिट केलं तेव्हा सोडियम १२२ आणि पोटॅशियम ५.९ निघालं. मग एसीटीएचचं इंजेक्शन देऊन तासाभराने कॉर्टिसॉल तपासलं. ते १८ च्या वर जायला हवं होतं, तिचं ३ वरून जेमतेम ४ झालं. आपल्याकडे टीबीनेही ॲड्रिनल ग्रंथी निकामी होतात, म्हणून सीटी काढला. त्यात ग्रंथी आक्रसलेल्या दिसल्या आणि २१-हायड्रॉक्सिलेजच्या अँटीबॉडीज पॉझिटिव्ह आल्या. म्हणजे ऑटोइम्यून.

आता हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १० आणि दुपारी ५ मिग्रॅ, शिवाय फ्लुड्रोकॉर्टिसोन चालू आहे. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट करायचं, हे समजलं. पण उलटीत गोळीच पडली तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचं इंजेक्शन लगेच मांडीत द्यायचं आणि हॉस्पिटल गाठायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. भावजी सुई बघूनच गार पडतात.

घरी हे इंजेक्शन कोण देतं? पावडर मिसळून भरायला कुठे शिकलात? आणि प्रवासात, विशेषतः रात्रीच्या एसटीत, काय सोय करता?