इंटर्नशिपसाठी कंपनीला मेल कसा लिहिलात? सांगली-मिरजकरांचे अनुभव

मिरज, मेकॅनिकल, शेवटचं वर्ष: कुपवाड एमआयडीसीतल्या चाळीसेक कंपन्यांना एकच मेल पाठवला. ‘मी अत्यंत गरजू व होतकरू विद्यार्थी आहे, कृपया एक संधी द्यावी.’ उत्तर शून्य. कुणाला उत्तर आलं असेल तर मेलमध्ये काय होतं ते सांगा.

कुपवाड, फाउंड्रीत क्वालिटीला: असे मेल माझ्याकडे येतात. मी ते चहाच्या सुट्टीत मोबाईलवर बघतो, म्हणजे विषय आणि पहिल्या दोन ओळी. ‘गरजू’ वाचून मी काय ठरवणार? मला तारखा हव्यात, कारण शिफ्टला कुणाच्या हाताखाली द्यायचं ते बघावं लागतं. गेल्या वर्षी एका मुलाला बोलावलं, त्याचा मेल साधारण असा होता:

‘विषय: इंटर्नशिप, 6 जानेवारी ते 28 फेब्रुवारी, मेकॅनिकल शेवटचं वर्ष

महोदय, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी पंपाच्या इंपेलरचं कास्टिंग तपासलं. 40 पैकी 7 नग ब्लोहोलमुळे बाद झाले. वाळूतला ओलावा जास्त असावा असं वाटतं, पण खात्री करता आली नाही. वरील काळात आपल्याकडे मोल्डिंग किंवा क्वालिटी विभागात शिकता येईल का? रोज मिरजेहून ये-जा करेन. बायोडेटा आणि कॉलेजचं पत्र जोडलं आहे. सध्या जागा नसल्यास तसं कळवलंत तरी चालेल.’

‘खात्री करता आली नाही’ वाचूनच मी फोन केला. ब्लोहोल वाळूच्या ओलाव्यानेही होतात, कोअर नीट भाजला नाही तरी होतात. म्हटलं, पोरगं येऊन स्वतः कारण शोधेल.

विश्रामबाग, आयटी: मेल इंग्रजीतच हवा, मराठीत कोण वाचतं!

कुपवाड, फाउंड्रीत क्वालिटीला: पुण्यातल्या मोठ्या कंपनीला इंग्रजीच. आमचे मालक मराठीच वाचतात.

तासगाव, पालक: मुलीला बँकेत चिकटवायचंय, बी.कॉम. झालंय. कुणाची ओळख आहे का?

सांगली, इलेक्ट्रिकल, पास आउट: काका, इथे इंटर्नशिपचं चाललंय. माझी चूक सांगते. उत्तर नाही म्हणून तीन दिवसांत चार मेल केले, शेवटच्यात ‘सर प्लीज’ तीनदा. दुसऱ्या कंपनीला आठ दिवस थांबून त्याच मेलखाली दोन ओळी लिहिल्या: ‘मागच्या सोमवारी विचारलं होतं. तारखा त्याच आहेत.’ तिथून उत्तर आलं, नकाराचंच, पण सोबत दुसऱ्या पॅनल बनवणाऱ्या वर्कशॉपचा नंबर होता. शेवटी तिथेच गेले. आणि बायोडेटाच्या फाइलचं नाव ‘न्यू फायनल 3’ ठेवू नका, मी ठेवलं होतं.

मिरज, मेकॅनिकल, शेवटचं वर्ष: स्टायपेंड पहिल्याच मेलमध्ये विचारावा का?

सांगली, इलेक्ट्रिकल, पास आउट: मी विचारला नाही, मग दोन महिने स्वतःच्या पैशाने एसटीचा पास काढला. विचारायला हवा होता.

कुपवाड, फाउंड्रीत क्वालिटीला: मला विचाराल तर भेटीत विचारा. आमच्याकडे जेवण मिळतं, पैसे नाहीत. सेफ्टी शूज तेवढे स्वतःचे आणा.