शब्दचर्चा: रूपककथा, उपहास आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’

खडूफळा
नववीला जॉर्ज ऑर्वेलची ‘अ‍ॅनिमल फार्म’ शिकवायची आहे. अ‍ॅलेगरीला मी ‘रूपककथा’ म्हणते. सटायरला मुलं कधी व्यंग लिहितात, कधी उपहास, कधी विडंबन. शब्द कोणता घ्यायचा हा एक प्रश्न. दुसरा जास्त छळणारा. नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, शेतमालक जोन्स म्हणजे झार, अशी यादी लिहून मुलं खाली ठोकतात, ‘म्हणून ही उपहासात्मक कथा आहे’. ते ‘म्हणून’ कुठून आलं?

जुनापेठकर
‘व्यंग’ आधी खोडा. मराठीत व्यंग म्हणजे खोट, अवयवातला दोष. हिंदीतला अर्थ आपल्याकडे व्यंगचित्रापुरताच रुळला. सटायरला उपहासच बरा. बाकी रूपककथेत अवघड काय आहे? प्राणी माणसांच्या जागी आले की झाली रूपककथा. पंचतंत्र तेच. यादी पाठ करू द्या, गुण पडतात.

निळीशाई
व्यंगाचं पटलं, पंचतंत्राचं अर्धंच. दमनक आणि करटक हे कोल्हे कुठल्याही दरबारात शोभतील. ते एका विशिष्ट राज्याचे प्रधान नाहीत. ऑर्वेलच्या गोष्टीत मात्र घटनाही रशियाच्या इतिहासाच्या क्रमाने येतात. 1917 च्या क्रांतीपासून सुरुवात, आणि शेवटी डुकरं व माणसं एकत्र पत्ते खेळतात तिथे 1943 ची तेहरान परिषद. जोन्सला हाकलणं, स्नोबॉलची हकालपट्टी, पवनचक्की, कोंबड्यांचं अंडी फोडणं, शेजारच्या शेतमालक फ्रेडरिकच्या खोट्या नोटा, या प्रत्येक घटनेला मागे जोडीदार घटना आहे.

शिवाय रूपककथेला प्राणी लागतातच असंही नाही. एकनाथांचं विंचवाचं भारूड घ्या. विंचू म्हणजे काम-क्रोध एवढंच नाही. विष चढणं, वेदना होणं, उतारा पडणं, सगळ्यालाच दुसरा अर्थ आहे. पात्रांबरोबर क्रियाही दुहेरी चालतात, तेव्हा ती रूपककथा. मुलांची यादी नेमकी इथे तोकडी पडते, कारण तिच्यात नामं असतात, क्रियापदं नसतात.

मडगांवकार
प्राणी आणि पक्ष म्हणाल तर आमच्या गोव्यात मगोचा सिंह आहेच, बसपचा हत्ती आहे. त्यांच्यावरून शिकवलं तर मुलांना पटकन कळेल. पक्षांनी हेच प्राणी का घेतले, तेही सांगता येईल.

निळीशाई
ती निवडणूक चिन्हं, मडगांवकार. मतपत्रिकेवर ओळख पटावी म्हणून दिलेली. त्या हत्तीला गोष्ट नाही, तो काही करत नाही. हा गोंधळ वर्गातही होतो म्हणून बरं झालं निघाला ते. आणखी एक: व्याकरणाच्या तासाला मुलं ‘रूपक अलंकार’ शिकलेली असतात. तो एका ओळीत संपतो, रूपककथा शेवटच्या पानापर्यंत चालते. हे आधीच सांगितलं नाही तर ‘उपमेय म्हणजे स्टालिन’ अशी उत्तरं येतात.

खडूफळा
येतात! पण उपहासाचं अजून राहिलं.

निळीशाई
त्यासाठी दुधाचा प्रसंग घ्या, दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटचा. जोन्स पळाल्यावर डुकरं गायींचं दूध काढतात. पाच बादल्या भरतात. या दुधाचं काय करायचं, असं कोणीतरी विचारतं. नेपोलियन बादल्यांपुढे उभा राहून म्हणतो, दुधाचं राहू द्या, कापणी महत्त्वाची. संध्याकाळी सगळे परततात तेव्हा दूध गायब असतं. पुढच्या प्रकरणात कळतं की ते रोज डुकरांच्या आंबोणात जातं, आणि पडलेली सफरचंदंही त्यांनाच. मग स्क्वीलर हे बोलघेवडं डुक्कर समजावायला येतं. आम्हाला तर दूध आवडतही नाही, पण डोक्याचं काम आमच्याकडे आहे, तेव्हा तुमच्याच भल्यासाठी आम्ही ते पितो. नाहीतर जोन्स परत येईल.

वहीत तीन रकाने आखायला लावा. पहिल्यात गोष्टीत काय झालं: दूध डुकरांनी घेतलं. दुसऱ्यात रशियात काय झालं: सत्ता मिळताच पक्षाच्या वरच्या थराने सवलती स्वतःकडे ठेवल्या. गोष्ट इथेच वळते असं ऑर्वेलने नंतर एका पत्रात लिहिलं, आणि कंसात नाव दिलं क्रोनश्टाटचं, जिथे 1921 मध्ये खलाशांनी बोल्शेविकांविरुद्ध उठाव केला होता. हे दोन रकाने म्हणजे रूपककथा. तिसऱ्यात लिहायचं की हसू कशाचं येतं आणि ते कोणावर. इथे ते स्क्वीलरच्या युक्तिवादावर: खाणारा सांगतोय की खाणं हा त्याचा त्याग आहे. हा उपहास.

ताळा सोपा आहे. रशियाचं नावही न ऐकलेल्या मुलाला स्क्वीलरचं भाषण वाचून दाखवा. तो हसला तर उपहास रूपकावाचूनही उभा आहे. उलट पवनचक्की वादळात कोसळते ती ओळ वाचा. दुसरा रकाना भरेल, तिसरा रिकामा राहील. मात्र दोष वादळाऐवजी स्नोबॉलवर ढकलला जातो तिथे तिसराही लगेच भरतो. रिकामा रकाना म्हणजे चूक नव्हे, हे मुलांना सांगावं लागतं. नाहीतर ती काहीतरी कोंबतात.

जुनापेठकर
मग भिंतीवरचं ते प्रसिद्ध वाक्य? सगळे प्राणी समान, पण काही जास्त समान. त्याला मी उपरोध म्हणेन.

निळीशाई
वाक्यापुरतं उपरोधच. उपहास अख्ख्या कथेचा, उपरोध त्यातलं एक हत्यार. आणि प्राण्यांचं जे गाणं आहे ते क्रांतिगीतांचं विडंबन. तिन्ही शब्द लागतात, फक्त आपापल्या जागी. पण ते वाक्य एकटं फळ्यावर लिहू नका. भिंतीवर लिहिलेल्या नियमांपैकी आधी पलंगावर न झोपण्याच्या नियमाला ‘चादर घालून’ जोडलं जातं, मग हत्येच्या नियमाला ‘विनाकारण’, मग दारूच्या नियमाला ‘अति’. प्रत्येक वेळी प्राण्यांना वाटतं की आपणच विसरलो होतो. या पायऱ्या चढल्याशिवाय शेवटचं वाक्य नुसता विनोद होतो.

तुकडी_अ
मी दहावीत आहे. मांजर कोण मग? आणि म्हातारा मेजर मार्क्स की लेनिन? गाईडमध्ये दोन्ही दिलंय.

जुनापेठकर
मेजर म्हणजे मार्क्स. भाषण त्याचंच आहे.

निळीशाई
भाषण मार्क्सचं, पण मेल्यावर त्याची कवटी खांबाशी ठेवून प्राण्यांना तिच्यासमोरून आदराने जायला लावतात. मॉस्कोत तसा जपून ठेवलेला देह लेनिनचा. दोघांना एकत्र केलंय असं लिहून दोन्ही पुरावे दे, गुण जाणार नाहीत. मांजरीला मात्र ओढूनताणून जोडीदार शोधू नकोस. ती मतदानात दोन्ही बाजूंना मत देते, एवढं स्वभावचित्र पुरे.

खडूफळा
म्हणजे जोड्या कुठे काटेकोर आणि कुठे सैल, हे ठरवायचं कसं?

निळीशाई
मजकुरात खूण आहे का ते बघायचं. पुस्तक ऑगस्ट 1945 मध्ये आलं. त्याआधी मार्चमध्ये ऑर्वेलने प्रकाशकाला एक दुरुस्ती कळवली. पुन्हा बांधलेली पवनचक्की सुरुंगाने उडते तेव्हा ‘नेपोलियनसह सगळे’ जमिनीवर पालथे पडले, असं होतं. ते ‘नेपोलियन सोडून सगळे’ करा. कारण जर्मन चालून आले तेव्हा स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता. ज्याची टर उडवायची त्याच्यावरही अन्याय नको, म्हणून एक शब्द बदलला. इथे रूपकाने उपहासाला आवर घातलाय.

जुनापेठकर
हे ठाऊक नव्हतं. तरी बेंजामिन गाढवाचं तुम्ही टाळलंत. त्याला सगळं कळतं आणि तो गप्प बसतो. तो बुद्धिजीवी वर्ग की खुद्द ऑर्वेल?

निळीशाई
दोन्ही वाचलंय, दोन्हीला आधार थोडा. माझा कल वर्गाकडे. बॉक्सर घोड्याला न्यायला खाटकाची गाडी येते तेव्हा तिच्यावरची अक्षरं तोच वाचून दाखवतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

तुकडी_अ
मग तिथे तिसऱ्या रकान्यात काय लिहू? हसू तर येत नाही.